पीटीएफई ट्यूबवाला हॉटएंड किती तापवायचा आणि ऑल-मेटल कधी घ्यायचा

प्रश्न: एंडर ३ व्ही२ थ्रीडी प्रिंटर आहे, हॉटएंड कंपनीचाच. पीईटीजी २५० वर छापतो. आता नायलॉनचे पार्ट हवेत, स्पूलवर २६० लिहिलंय आणि स्क्रीनवर २६० सेटही होतंय. पण वर गेलं की जळका वास येतो. मशीन हॉलमध्ये आहे, तिथेच लव्हबर्डचा पिंजरा आहे. टेफ्लॉनचा धूर खरंच एवढा डेंजर असतो का? ऑल-मेटल घ्यायलाच लागेल का?

उत्तर:

आधी पिंजरा दुसऱ्या खोलीत न्या, आजच. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल. आणि हॉटएंडमध्ये पीटीएफईची, म्हणजेच टेफ्लॉनची, ट्यूब आत असेपर्यंत नायलॉन २६० वर लावू नका, स्क्रीन सेट करू देते म्हणून तर अजिबात नको.

आता नीट सांगतो. नाशिकला अंबडमध्ये माझं छोटं वर्कशॉप आहे, सात मशीन आहेत, त्यातल्या तीन अजून पीटीएफईवाल्याच आहेत आणि मी त्या मुद्दाम तशाच ठेवल्यात, का ते पुढे येईल. म्हणजे मी काही "टेफ्लॉन म्हणजे विष, काढून टाका" म्हणणारा नाही. पण तुम्ही जे करायला निघालात ते त्याच्या हद्दीबाहेरचं आहे.

तुमच्या हॉटएंडमध्ये पांढरी ट्यूब वरून सरळ खाली नोझलला टेकेपर्यंत जाते. म्हणजे तिचं शेवटचं टोक गरम ब्लॉकच्या पोटात बसलेलं असतं आणि ब्लॉक जेवढा तापेल तेवढंच तेही तापतं, मधे काहीच आड नाही. पीटीएफई ३२७ ला वितळतं आणि सतत वापरासाठी त्याची मर्यादा २६० सांगतात. बरेच जण हा २६० चा आकडा वाचतात आणि म्हणतात चला, आपण बरोबर काठावर आहोत. पण २६० म्हणजे तिथपर्यंत सगळं छान आणि २६१ ला धूर असं नसतं. २४० च्या पुढेच ट्यूब मऊ पडायला लागते, वरून फिलामेंटचा दाब असतो, खाली नोझल असतं, मग टोक हळूहळू दबतं आणि रंग बदलतो. २६० च्या पुढे तिचं विघटन अगदी हळू का होईना पण चालू होतं, आणि ३०० च्या वर ते वेगाने वाढतं. चारशेच्या वर गेलं तर फ्लोरिनवाले विषारी वायू निघतात, त्यातला कार्बोनिल फ्लोराइड हवेतल्या ओलाव्याशी मिळून हायड्रोजन फ्लोराइड बनवतो, ते फुफ्फुसाला जाळणारं असतं.

आता तुम्ही म्हणाल मी तर २६० च म्हणतोय, ३०० कुठे आणि ४०० कुठे. खरी गोम इथेच आहे. स्क्रीनवरचा आकडा हा ट्यूबच्या टोकाचा आकडा नसतो. तो थर्मिस्टरला जे वाटतंय ते असतं. या हॉटएंडमध्ये थर्मिस्टर म्हणजे काचेचा एक बारीक मणी, ब्लॉकच्या भोकात सरकवलेला आणि त्याच्या तारा एका स्क्रूखाली दाबलेल्या. मणी थोडा बाहेर सरकला, स्क्रू ढिला झाला, किंवा ब्लॉकवरचं सिलिकॉनचं कव्हर पडून फॅनची हवा सरळ मण्यावर लागली, की तो ब्लॉकपेक्षा थंड राहतो आणि कमी दाखवतो. फर्मवेअरला वाटतं अजून तापवायचंय, आणि ते तापवत राहतं. स्क्रीनवर २४०, आत त्याहून बरंच जास्त, आणि तुम्हाला कळायला काही मार्ग नाही.

हे मी स्वतः मोजलंय म्हणून एवढं ठासून सांगतोय. मालेगावच्या एका पावरलूमवाल्यांना नायलॉनचे छोटे बुश हवे होते, सुरुवातीला वीसच नग. तेव्हा माझ्याकडे सगळ्या स्टॉक हॉटएंडच्याच मशीन होत्या. मी विचार केला वीस नगांसाठी कोण हॉटएंड बदलत बसणार, २६० वर लावू आणि होऊन जाऊ दे. पहिली बॅच चांगली निघाली. दुसऱ्या दिवशी आठ-नऊ तासांनी लेयर विरळ यायला लागले, एक्स्ट्रुडर टकटक करायला लागला. मला वाटलं नायलॉन ओलं असेल, सुकवलं, तरी तेच. शेवटी हॉटएंड उघडला तर ट्यूबचं खालचं टोक चहाच्या रंगाचं झालेलं, कडा बाहेर फाकलेली आणि आतलं भोक एवढं आवळलेलं की १.७५ ची तार जाईना. नोझल आणि ट्यूबच्या मधे फट पडून त्यात जळकं नायलॉन साठलेलं होतं.

मग मी मोजायचं ठरवलं. के टाइप थर्मोकपल, फायबरग्लासच्या विणीचं, बारीक वायरचं, ते मल्टिमीटरला लावलं (प्लास्टिकच्या आवरणाचं घेऊ नका, ते आतच वितळेल). आधी मीटर खरा आहे का ते उकळत्या पाण्यात बघितलं. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंचावर आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ लाच उकळतं, मुंबई किंवा रत्नागिरीला १०० ला. माझा मीटर ९८-९९ दाखवत होता, म्हणजे ठीक. मग ट्यूब पूर्ण बाहेर काढून थर्मोकपल वरून हीटब्रेकमधून खाली नोझलच्या बुडापर्यंत घातलं. स्क्रीनवर २४० सेट, पाच मिनिटं स्थिर होऊ दिलं, तर आत २५१. पार्ट कूलिंगचा फॅन फुल केला आणि सिलिकॉन कव्हर काढून बघितलं तर आत २५८! स्क्रीन आपली शांतपणे २४० च दाखवतेय. म्हणजे मी जेव्हा २६० वर नायलॉन छापत होतो तेव्हा ट्यूबचं टोक नक्की २७० च्या वर होतं, कव्हर सैल असताना २८० ला सुद्धा गेलं असेल. नंतर मणी नीट आत बसवला, नवं कव्हर घातलं, तेव्हा तोच फरक तीन अंशावर आला.

म्हणून रोजच्या वापराला मी २४० ची रेघ मारतो. २४० ला ट्यूब जळते असं नाही, पण हा दहा-वीस अंशांचा घोळ पोटात घालायला तेवढी जागा सोडावी लागते. चांगली महागडी ट्यूब, म्हणजे ते निळं कॅप्रिकॉर्न वगैरे, घातलं तर आतला व्यास नेमका मिळतो, टोक थोडं जास्त टिकतं, पण पदार्थ पीटीएफईच आहे. रंग निळा झाला म्हणून रसायन बदलत नाही, तेव्हा तिच्या भरवशावर २६० ला जाऊ नका.

धुराचं बोलू. वास हे मोजमाप नाही, हे पक्कं डोक्यात ठेवा, दोन्ही बाजूंनी. तुम्हाला येणारा जळका वास बहुतेक वेळा ब्लॉकवर चिकटून करपलेल्या प्लास्टिकचा असतो, किंवा नव्या सिलिकॉन कव्हरचा. म्हणजे वास आला म्हणजे टेफ्लॉन जळतंय असं नाही. पण उलटं जास्त महत्त्वाचं आहे, वास येत नाही म्हणजे सगळं ठीक असंही नाही, कारण पीटीएफईच्या विघटनातून जे सुरुवातीला निघतं त्यात अतिसूक्ष्म कण आणि असे वायू असतात ज्यांचा ओळखू येईल असा वास नाकाला येईलच याची खात्री नाही. नाकावर विसंबू नका, ट्यूब बाहेर काढून डोळ्यांनी बघा.

माणसाला यातून जे होतं त्याला पॉलिमर फ्यूम फीवर म्हणतात. त्याचं फसवं काय आहे तर तो लगेच येत नाही. धूर आत गेल्यावर साधारण चार ते आठ तासांनी थंडी वाजते, ताप, अंग दुखतं, छाती आवळल्यासारखी वाटते, कोरडा खोकला. माणूस म्हणतो फ्लू झाला, आपल्याकडे पावसाळ्यात तर मलेरिया-डेंग्यूच आधी डोक्यात येणार. बहुतेक वेळा एक-दोन दिवसात आपोआप उतरतो. पण मशीनजवळ बसल्यावर संध्याकाळी असा ताप आला तर डॉक्टरांना "तापलेल्या टेफ्लॉनच्या धुरात होतो" हे स्पष्ट सांगा, त्यांना अंदाजाने कळणार नाही. आणि दम लागत असेल तर घरी वाट बघत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा, कारण जास्त तापमानाला निघालेल्या वायूंनी फुफ्फुसात पाणी साचू शकतं.

यात सिगरेटचा एक मुद्दा आहे जो कोणी सांगत नाही. ट्यूब कापताना तिचा बारीक भुगा बोटांना लागतो. त्याच हाताने सिगरेट धरली तर तो भुगा सिगरेटच्या टोकाला आठशे-नऊशे अंशात जळतो आणि सरळ छातीत जातो. टेफ्लॉनच्या कारखान्यांमधून या तापाच्या बऱ्याच केसेस अशाच आलेल्या आहेत. ट्यूबला हात लावला की साबणाने हात धुवा. त्याच कारणाने ट्यूबचं टोक लायटरने मऊ करून ताणायचं, किंवा चोंदलेलं नोझल गॅसच्या ज्योतीवर धरून जाळून साफ करायचं, हे बंद करा. नोझलमध्ये ट्यूबचे तुकडे अडकलेले असतात, ते तुम्ही स्वयंपाकघरात हजार अंशाच्या ज्योतीवर जाळताय.

आणि पक्षी. त्यांच्या फुफ्फुसातून हवा एकाच दिशेने सतत वाहते, आजूबाजूला हवेच्या पिशव्या असतात, उडण्यासाठी लागणारा प्राणवायू मिळावा म्हणून ती रचना आपल्यापेक्षा खूप जास्त कार्यक्षम असते. जे प्राणवायू भराभर ओढतं ते विषही भराभर ओढतं, आणि एवढासा जीव. नॉनस्टिक तवा रिकामा गॅसवर राहिला आणि घरातले बजरीगार, लव्हबर्ड काही मिनिटांत गेले अशा घटना पशुवैद्यांना नेहमीच्या आहेत, २८० च्या वर तापलेल्या पीटीएफईला ते धोका मानतात. तुमच्या स्क्रीनवरचा २६० आणि हा २८०, यात माझ्या मशीनवर निघालेल्या फरकाएवढंच अंतर आहे. हॉटएंडमधला तुकडा तव्याच्या मानाने अगदी छोटा, खरंय, पण तुमचा प्रिंट दहा तास चालणार आणि पिंजरा त्याच हॉलमध्ये. दार लावता येईल अशा खोलीत न्या, आणि हॉल आणि त्या खोलीत हवा फिरवणारा एसी एकच असेल तर तेही बघा.

आता सगळ्यात मोठा धोका सांगतो, तो २५० की २६० यात नाहीच. तो आहे थर्मिस्टर पूर्ण निसटून हीटर सुटा चालत राहणं. तेव्हा चाळीस वॉटचा कार्ट्रिज ब्लॉकला चारशेच्या वर नेऊ शकतो, आणि मग ट्यूबमधून जे निघेल ते वर सांगितलेलं विषारी सगळं. फर्मवेअरमध्ये थर्मल रनअवे संरक्षण चालू असेल तर मशीन स्वतः थांबतं. काही जुन्या स्वस्त मशीनमध्ये ते बंद करून आलेलं असायचं, त्यामुळे तपासून बघाच. मशीन बंद करा, प्लग काढा, हीटर कार्ट्रिजची एक वायर बोर्डातून सोडवून टोकाला टेप लावा, मशीन चालू करून २०० सेट करा. मिनिटभराच्या आसपास स्क्रीनवर `Heating Failed` येऊन मशीन थांबलं पाहिजे. दोन मिनिटं झाली तरी काहीच नाही, तर त्या मशीनवर आधी फर्मवेअर बदला, मग बाकीचं. पण लक्षात घ्या, हे संरक्षण मणी पूर्ण निसटला तरच पकडतं. मणी थोडा सैल आहे आणि सातत्याने पंधरा अंश कमी दाखवतोय, हे त्याला कधीच कळत नाही, कारण त्याच्या नजरेत सगळं स्थिर आहे.

आणि स्क्रीन २६० का सेट करू देते त्याचं उत्तर: मार्लिन फर्मवेअरमध्ये कमाल तापमान बहुधा असं लिहिलेलं असतं

```
#define HEATER_0_MAXTEMP 275
#define HOTEND_OVERSHOOT 15
```

म्हणजे २७५ वजा १५, सेट करता येणार २६०. हा आकडा ट्यूब बघून कोणी ठरवलेला नाही. मी पीटीएफईवाल्या मशीनवर वरचा आकडा २५५ करून ठेवलाय, मग २४० च्या वर सेटच होत नाही, रात्री मुलाने चुकून दुसरी प्रोफाइल लावली तरी. क्लिपर असेल तर `[extruder]` मध्ये `max_temp: 245` लिहा, पण तिथे हा आकडा ओलांडला की प्रिंटर बंदच पडतो, त्यामुळे छापायचं २३५ पर्यंतच.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ऑल-मेटल घ्यायलाच लागेल का. फक्त पीईटीजी असतं तर मी नाही म्हटलं असतं. पीईटीजी २५० वर का छापता? बहुतेक स्पीडमुळे. स्पीड ६० वरून ४० वर आणा, २३५ वर ट्राय करा, बऱ्याच पीईटीजीचे लेयर छान चिकटतात, हाताने तोडून बघा. पीएलए आणि टीपीयूला तर पीटीएफईच बरं. नायलॉनमध्ये पण काही ब्रँड २४० च्या खाली छापता येणारे मिळतात, स्पूल घेताना बघा. पण २६० वालं नायलॉन, एएसए, पॉलिकार्बोनेट हे महिन्यातून एकदा जरी करायचं असेल तरी हीटब्रेक बदला. "एकदाच तर छापायचंय" हेच मी पण म्हटलं होतं.

एंडरला पूर्ण नवा हॉटएंड घ्यायची गरज नाही. तुमच्याच हीटसिंकमध्ये बसणारा बायमेटल हीटब्रेक मिळतो, तांब्याचा वरचा भाग आणि मधे स्टील किंवा टायटॅनियमची पातळ नळी. यात पांढरी ट्यूब वर हीटसिंकमध्येच थांबते, गरम भागापर्यंत पोचतच नाही, तिथून पुढे फिलामेंट धातूतूनच जातं. ऑल-मेटल म्हणजे मशीनमध्ये कुठेच पीटीएफई नाही असा अर्थ नाही, वरची बोडन ट्यूब राहतेच, ती थंड असते म्हणून चालतं. घेताना एवढंच बघा की तुमच्या हीटसिंकमध्ये घुसणाऱ्या भागाचा व्यास आणि खालचा एम६ थ्रेड जुळतोय का. आणि आतून नीट पॉलिश केलेला घ्या, टॉर्च धरून बघा, आत टूलच्या गोल रेघा दिसल्या तर परत करा, पीएलए तिथेच अडकणार.

बसवताना लोक जिथे चुकतात ते सांगतो. नोझल आणि हीटब्रेक हे ब्लॉकच्या आत एकमेकांना टेकले पाहिजेत. आधी नोझल पूर्ण आवळून मग अर्धा आटा उलटा सोडा, मग वरून हीटब्रेक हाताने घट्ट फिरवा जोवर तो नोझलला टेकत नाही. हीटब्रेकच्या फक्त वरच्या, हीटसिंकमध्ये जाणाऱ्या भागाला थर्मल पेस्ट लावा, खालच्या आट्यांना नको. मग सगळं जोडून २५० पर्यंत तापवा, ब्लॉक पान्याने धरून ठेवा आणि नोझल शेवटचं गरम असतानाच आवळा. ब्लॉक न धरता आवळलं तर मधली पातळ नळी पिळून तुटते, मी एक तोडलाय. शेवटी नोझलचा षटकोन आणि ब्लॉक यात थोडी फट दिसली पाहिजे, फट नसेल तर नोझल ब्लॉकवर आवळलंय, हीटब्रेकवर नाही, आणि तिथून प्लास्टिक गळणार.

यानंतर २८० ला जायच्या आधी थर्मिस्टर बघा. काही काचेच्या मण्यांच्या तारांवर बारीक टेफ्लॉनचीच नळी चढवलेली असते, म्हणजे मोठी ट्यूब काढून छोटी आतच ठेवली असं होतं. धातूच्या नळकांड्यातला कार्ट्रिज थर्मिस्टर घाला, तो सरकत पण नाही. मात्र तो वेगळ्या प्रकारचा असेल तर फर्मवेअरला सांगायला लागतं, उदाहरणार्थ सेमिटेक १०४जीटी-२ असेल तर मार्लिनमध्ये `TEMP_SENSOR_0` ला `5`. हे विसरलात तर परत स्क्रीन एक आणि आत एक. मग पीआयडी ट्यून करा आणि सेव्ह करा:

```
M303 E0 S250 C8 U1
M500
```

आणि `HEATER_0_MAXTEMP` वाढवायचा तो या सगळ्याच्या नंतर, आधी नाही.

आता माझ्या तीन मशीन अजून पीटीएफईवर का आहेत. कारण पीएलए. तो साठच्या आसपासच मऊ पडायला लागतो. टेफ्लॉनच्या नळीत तो मऊ झाला तरी घसरतो, धातूत तो फुगून भिंतीला धरतो. ऑल-मेटल लावल्यावर बऱ्याच लोकांचा पहिला पीएलए प्रिंट पाऊण-एक तास सुंदर चालतो आणि मग एक्स्ट्रुडर टकटक करून थांबतो, आणि लोक हीटब्रेकला शिव्या घालतात. बहुतेक वेळा चूक रिट्रॅक्शनची असते. जुन्या सेटिंगमध्ये पाच-सहा मिलिमीटर असतं, म्हणजे दर वेळी मऊ झालेला भाग वर थंड जागेत ओढला जातो आणि तिथे गोठतो. बोडनमध्ये दोन-अडीचवर आणा, प्रिंटवर प्लास्टिकच्या थोड्या तारा सुटतील, त्या चालतील. हीटसिंकचा पुढचा चाळीसचा फॅन दमलेला असेल तर बदला, आणि प्रिंट संपल्यावर नोझल तापलेलं ठेवून जेवायला जाऊ नका. एप्रिल-मे मध्ये खोलीच चाळीसला असते तेव्हा मी ऑल-मेटलवर पीएलए लावतच नाही, ते काम त्या तीन मशीनना जातं. तुमच्याकडे एकच मशीन आहे आणि ऐंशी टक्के काम पीएलएचं असेल, तर हा त्रास धरूनच निर्णय घ्या.

हीटब्रेक येईपर्यंत एक काम करा. आत्ता २०० ला तापवून फिलामेंट काढा, मग ट्यूब बाहेर ओढा आणि शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर उजेडात बघा. पांढरं असेल, थोडा प्लास्टिकचा डाग असेल, तर ठीक. तपकिरी असेल, टोक छत्रीसारखं फाकलं असेल किंवा फिलामेंटचा तुकडा टोकातून सहज जात नसेल, तर तुमच्या स्क्रीनवर काहीही लिहिलेलं असो, ट्यूब जास्त तापलेली आहे. तो भाग ब्लेडने काटकोनात कापून टाका, तिरका कापला तर फट राहील, आणि तपकिरी निघाली असेल तर मणी आणि सिलिकॉन कव्हर बघितल्याशिवाय परत लावू नका.

ऑल-मेटल झाल्यावर पिंजरा परत हॉलमध्ये आणायचा का, तर नाही. टेफ्लॉनचा प्रश्न मिटतो पण नायलॉनमधून कॅप्रोलॅक्टम निघतो, एबीएस-एएसएमधून स्टायरिन, आणि सूक्ष्म कण सगळ्यातूनच. खिडकीला एक एक्झॉस्ट फॅन लावून मशीन त्याच्याजवळ ठेवा. नुसता हेपा फिल्टर घेऊन भागत नाही, तो कण धरतो, वायू त्यातून निघून जातात.

मालेगावच्या त्या ऑर्डरचं म्हणाल तर बायमेटल लावून, थर्मोकपलने परत मोजून, २५५ वर राहिलेले बुश काढले. स्क्रीन आणि आतला फरक तेव्हा दोन अंश होता. तोच हीटब्रेक अजून चालू आहे. आणि कापलेले जुने तुकडे सुक्या कचऱ्यात टाका, अंगणात पालापाचोळ्याबरोबर पेटवू नका.